वारस फेरफार

वारस फेरफार (वारस नोंद किंवा वारसा नोंद) म्हणजे जमीनधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांची नावे गावच्या महसुली दप्तरात दाखल करण्याची कार्यवाही होय. महाराष्ट्रात ही कार्यवाही महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १४८ ते १५९ यांच्या चौकटीत होते आणि तिचा परिणाम सातबारा उताऱ्यावर दिसतो. वारस फेरफार मंजूर झाला की नाव लागलेली व्यक्ती जमिनीची मालक झाली आणि ज्याचे नाव लागले नाही त्याचा हक्क संपला, असा समज सर्वत्र आढळतो. कायद्याच्या दृष्टीने हे दोन्ही समज चुकीचे आहेत. वारसाचा हक्क मृत्यूच्या क्षणी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने निर्माण होतो. फेरफार त्या हक्काची महसुली नोंद घेतो, तो हक्क देत नाही आणि काढूनही घेत नाही.

## नोंदीमागील हेतू

मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धत होती. सरकार प्रत्येक खातेदाराकडून थेट सारा वसूल करी, त्यामुळे कोणत्या तुकड्याचा सारा कोणी भरायचा हे दप्तरात स्पष्ट असणे आवश्यक होते. प्रारंभीच्या मोजणी व जमाबंदीच्या कागदांत साऱ्याची जबाबदारी असलेल्या खातेदाराचे नाव असे; परंतु त्याचे भाऊबंद, गहाणदार वा कूळ यांचे हक्क त्यांत नीट उमटत नसत. ही उणीव भरून काढण्यासाठी १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा स्वतंत्र कायदा करण्यात आला. १९१३ मध्ये त्यातील तरतुदी मुंबई जमीन महसूल अधिनियम, १८७९ मध्ये समाविष्ट झाल्या. १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झालेल्या सध्याच्या संहितेने हीच व्यवस्था काही फरकांनी पुढे चालविली.

अधिकार अभिलेखात जमिनीतील हक्कांची नोंद होत असली, तरी तो ठेवणारे खाते महसूल खाते आहे. सारा कोणाकडून घ्यायचा, नोटीस कोणाला पाठवायची, पीक कोण घेते, कर्जाचा बोजा कोणावर आहे, हे प्रशासनाला कळावे हा त्याचा प्रधान हेतू होय. मालकीविषयीच्या वादाचा अंतिम निर्णय देण्याचे काम या खात्याकडे सोपविलेले नाही. ते दिवाणी न्यायालयाचे आहे.

## नोंद होण्याची पद्धत

संहितेच्या कलम १४९ नुसार वारसाने, वाटपाने, खरेदीने वा अन्य प्रकारे जमिनीत हक्क मिळविणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे लागते. (तलाठी या पदास आता ग्राम महसूल अधिकारी असे नाव आहे.) वारसांपैकी कोणीही एक जण अर्ज करू शकतो. अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे, वये, पत्ते व मृताशी नाते सांगणारे प्रतिज्ञापत्र जोडले जाते.

तलाठी गावात चौकशी करून ही माहिती वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, लिहितो. त्यानंतर गाव नमुना ६ या फेरफार नोंदवहीत क्रमांक देऊन नोंद घेतली जाते, तिची प्रत चावडीवर लावली जाते आणि हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत दिली जाते. हरकत आल्यास प्रकरण गाव नमुना ६-अ या वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते व सुनावणीनंतर त्यावर निर्णय होतो. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतरच मृताचे नाव सातबाऱ्यावर कंसात जाते आणि वारसांची नावे कब्जेदार म्हणून येतात. प्रत्येक नावाजवळ ज्या फेरफाराने ते आले त्याचा क्रमांक लिहिलेला असतो.

या पद्धतीतील एक कमकुवत दुवा पुढील वादांचे मूळ ठरतो. नोटीस ज्यांचे हितसंबंध दप्तरातून दिसतात किंवा तलाठ्याला अन्य प्रकारे माहीत होतात त्यांनाच जाते. अर्जदाराने एखाद्या वारसाचे नाव वगळले, तर त्या वारसाचे नाव जुन्या सातबाऱ्यावर नसते आणि अर्जातही नसते. म्हणून त्याला नोटीस मिळत नाही. लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलीला चावडीवरचा कागद दिसण्याची शक्यता कमी असते. हरकत आली नाही म्हणून नोंद निर्विवाद ठरते. परंतु हरकत न येण्याचे कारण ज्याला हरकत घ्यायची त्याला माहितीच नव्हती, हे असू शकते.

## मालकी सिद्ध न होण्याची कारणे

पहिले कारण हक्काच्या उगमाशी संबंधित आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू असलेली व्यक्ती मृत्युपत्र न करता मरण पावली, तर तिच्या मालमत्तेतील वारसांचे हिस्से त्याच क्षणी त्या अधिनियमानुसार ठरतात. मुस्लिमांना त्यांचा व्यक्तिगत कायदा आणि ख्रिश्चन व पारशी यांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. हिस्से वेगळे असले तरी तत्त्व तेच राहते. नोंद मृत्यूनंतर सहा महिन्यांनी झाली, वीस वर्षांनी झाली किंवा झालीच नाही, तरी हिश्श्यात फरक पडत नाही. शिवाय वारसाला मृताकडे जे होते तेवढेच मिळते. मृताची स्वतःची मालकी सदोष असेल, तर त्याच्या वारसांची नावे लागल्याने तो दोष जात नाही.

दुसरे कारण चौकशीच्या स्वरूपात आहे. फेरफाराची चौकशी संक्षिप्त असते. तीत मृत्युपत्राची सत्यता, दत्तकविधानाची वैधता, दुसऱ्या विवाहातील संततीचे हक्क, जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, अशा प्रश्नांवर दिवाणी दाव्याप्रमाणे मुद्दे काढून, सविस्तर पुरावा व उलटतपासणी घेऊन अंतिम निर्णय होत नाही. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो तेव्हा समोर आलेल्या कागदांवरून दप्तर अद्ययावत करण्यास हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका अनेकदा मांडली आहे. सावर्णी विरुद्ध इंदर कौर (१९९६) या निकालात महसुली दप्तरातील फेरफाराने मालकी निर्माण होत नाही वा नष्ट होत नाही, मालकीबाबत त्याला गृहीतकाचे मूल्य नाही आणि ज्याच्या नावे नोंद झाली त्याला त्यामुळे केवळ सारा भरता येतो, असे न्यायालयाने म्हटले. जितेंद्र सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२०२१) या प्रकरणातही नोंदीचा उपयोग महसुली कारणांपुरता असल्याचे तत्त्व पुन्हा सांगितले गेले.

## कलम १५७ मधील गृहीतक

संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद आणि फेरफार नोंदवहीतील प्रमाणित नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीररीत्या नवी नोंद येईपर्यंत, खरी मानली जाते. या तरतुदीच्या आधारे सातबारा हाच मालकीचा पुरावा आहे असा युक्तिवाद केला जातो.

हे गृहीतक खंडनीय आहे. नोंद खोटी आहे असे म्हणणाऱ्यावर ते सिद्ध करण्याचा भार पडतो, एवढाच त्याचा परिणाम होतो. मृताला आणखी एक मुलगी होती हे जन्माच्या, शाळेच्या किंवा शिधापत्रिकेच्या नोंदींवरून व साक्षीपुराव्यावरून सिद्ध झाले, की मृताचे वारस फक्त मुलगे होते हे गृहीतक तेथेच गळून पडते. ज्याच्या बाजूने नोंद आहे त्याला मग खरेदीखत, वाटपपत्र, हुकूमनामा किंवा वारसा अशा मूळ आधाराकडे वळावे लागते. असा आधार नसेल तर केवळ नोंदीवर मालकी टिकत नाही.

## उदाहरण

पुढील काल्पनिक उदाहरणावरून नोंद आणि हक्क यांतील अंतर स्पष्ट होते. एका हिंदू शेतकऱ्याने २००१ मध्ये नोंदणीकृत खरेदीखताने २ हेक्टर ५० आर जमीन स्वतःच्या कमाईतून घेतली. २०१८ मध्ये मृत्युपत्र न करता तो मरण पावला. त्याच्या मागे पत्नी, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी आहेत. थोरली मुलगी २०१५ मध्येच वारली असून तिला दोन अपत्ये आहेत. शेतकऱ्याची आई हयात नाही.

मुलग्यांनी दिलेल्या प्रतिज्ञापत्रात पत्नी व दोन मुलगे अशी तीनच नावे आहेत. हरकत न आल्याने फेरफार प्रमाणित होतो आणि सातबाऱ्यावर तीन नावे लागतात. २०२१ मध्ये दोघे मुलगे सहहिस्सेदारांची संमती न घेता १ हेक्टर ५० आर जमीन नोंदणीकृत खरेदीखताने विकतात. धाकट्या मुलीला ही गोष्ट २०२३ मध्ये उतारा काढल्यावर कळते.

उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ८ व १० नुसार येथे पाच समान हिस्से होतात. पत्नीचा एक, दोन मुलग्यांचे दोन, हयात मुलीचा एक आणि आधी वारलेल्या मुलीच्या शाखेचा एक. २५० आर जमिनीत प्रत्येक हिस्सा ५० आर होतो आणि मृत मुलीच्या दोन अपत्यांना मिळून ५० आर, म्हणजे प्रत्येकी २५ आर येतात. सातबाऱ्यावर तीन नावे असली, तरी २०१८ मधील मृत्यूच्या क्षणापासून कायद्याच्या दृष्टीने सहा व्यक्ती सहमालक आहेत.

दोन मुलग्यांचे मिळून १०० आर होतात. त्यांनी १५० आर विकले. सहमालक स्वतःच्या हिश्श्यापलीकडे काही विकू शकत नाही, म्हणून खरेदीदाराला त्या दोघांच्या १०० आरांएवढाच हक्क मिळतो. तोही वाटप होईपर्यंत अविभक्त असतो. शेतातील अमुक तुकडा आपलाच, असे त्याला म्हणता येत नाही. वाटपात त्याने घेतलेला भाग शक्य तितका विकणाऱ्यांच्या हिश्श्यात टाकण्याचा प्रयत्न न्यायालय करू शकते. उरलेल्या ५० आरांसाठी त्याला विकणाऱ्यांकडे भरपाई मागावी लागते. सातबाऱ्यावर तीनच नावे होती, हा बचाव खरेदीदाराला सहसा पुरत नाही. मृताला मुली होत्या काय, याची गावात विचारपूस करणे ही रास्त काळजी मानली जाते.

## नेहमी आढळणाऱ्या सदोष नोंदी

जुन्या फेरफारांत वडिलांच्या मृत्यूनंतर केवळ थोरल्या भावाचे नाव ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, अशा शेऱ्यासह लावलेले आढळते. या नोंदीचा अर्थच असा की तो कुटुंबाच्या वतीने जमीन सांभाळतो. पुढे सातबाऱ्याचे पुनर्लेखन होताना हा शेरा गळून पडला, तर दोन पिढ्यांनंतर ती जमीन एकट्या थोरल्या शाखेची असल्यासारखी दिसते. मूळ फेरफाराची नक्कल काढल्यावर शेरा सापडतो. शेरा गळाल्याने इतर भावंडांचे हक्क गळत नाहीत.

दुसऱ्या प्रकारात मुलींची नावे कब्जेदार सदराऐवजी ‘इतर हक्क’ या सदरात टाकलेली असतात. त्यावरून मुलींचा हक्क दुय्यम असल्याचा ग्रह होतो. स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगी १९५६ पासूनच मुलाच्या बरोबरीची वारस आहे. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तिला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. नाव कोणत्या सदरात लिहिले यावर हिस्सा अवलंबून नसतो.

तिसरा प्रकार तोंडी हक्कसोडीचा आहे. बहिणींनी तलाठ्यासमोर जबाब देऊन भावांच्या लाभात हक्क सोडला, असे फेरफारात लिहिलेले असते. परंतु १०० रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मालमत्तेतील हक्क सोडण्याच्या दस्ताची नोंदणी, नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार सक्तीची आहे. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, तर फक्त जबाबावर आधारलेल्या नोंदीने बहिणीचा हिस्सा भावाकडे जात नाही.

## मृत्युपत्रावर आधारित नोंद

मृत्युपत्राच्या आधारेही फेरफाराचा अर्ज करता येतो. मृत्युपत्र नोंदणीकृत असण्याची सक्ती नाही. मात्र त्यावर किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन लागते आणि न्यायालयात त्यांच्यापैकी एक उपलब्ध असेल तर त्याची साक्ष घेऊन ते सिद्ध करावे लागते. मृत्युपत्र करणारा शुद्धीवर होता काय, त्याच्यावर दबाव होता काय, हे प्रश्न महसूल अधिकारी अंतिमतः सोडवू शकत नाही. २०२१ च्या उपरोक्त निकालात, मृत्युपत्राच्या आधारे सांगितलेल्या हक्काबाबत वाद असल्यास तो सांगणाऱ्याने सक्षम दिवाणी न्यायालयातून हक्क ठरवून घ्यावा व त्यानंतर त्या निर्णयानुसार नोंद करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. मृत्युपत्रावरून नाव लागले म्हणून मृत्युपत्र खरे ठरत नाही, तसेच नोंद नाकारली गेली म्हणून ते खोटेही ठरत नाही.

## अपील आणि दिवाणी दावा

सदोष नोंदीविरुद्ध दोन वेगळे मार्ग आहेत आणि त्यांची फलिते वेगळी आहेत. पहिला मार्ग महसुली अपिलाचा. प्रमाणित नोंदीविरुद्ध कलम २४७ नुसार उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील करता येते. नोंदीची माहिती उशिरा मिळाली असेल, तर कारणे दाखवून विलंब माफ करण्याची विनंती करता येते. अपील मंजूर झाल्यास नोंद रद्द होते किंवा वगळलेली नावे दाखल करण्याचा आदेश होतो. लेखनातील चूक असेल तर ती कलम १५५ नुसार दुरुस्त होऊ शकते. वारस वगळले जाणे ही मात्र केवळ लेखनाची चूक मानता येत नाही.

दुसरा मार्ग दिवाणी दाव्याचा. वगळलेला वारस आपला हिस्सा जाहीर करून मिळावा, जमिनीचे सरस-निरस वाटप होऊन स्वतंत्र ताबा मिळावा आणि दरम्यान जमीन विकली जाऊ नये यासाठी मनाई हुकूम मिळावा, अशी मागणी करतो. वरील उदाहरणातील मुलीने केवळ अपील जिंकले तर तिचे नाव सातबाऱ्यावर येईल. पण तिचे ५० आर वेगळे होऊन तिच्या ताब्यात येण्यासाठी, इतरांची संमती नसल्यास, वाटपाचा हुकूमनामा लागेल. न्यायालयाने हिस्से ठरविल्यावर साऱ्याच्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. दिवाणी न्यायालयाचा निर्णय महसूल खात्यावर बंधनकारक असतो आणि त्यानुसार नवा फेरफार घेतला जातो.

अपिलाची मुदत टळली तर हक्कही बुडाला, असे मानले जाते. तेही बरोबर नाही. एका सहमालकाचा ताबा हा सामान्यतः सर्व सहमालकांच्या वतीने असल्याचे कायदा मानतो. केवळ एकाचे नाव दप्तरात लागले आणि तो एकटाच पीक घेत राहिला, एवढ्याने इतरांविरुद्ध प्रतिकूल ताबा सुरू होत नाही. त्याने इतरांचा हक्क उघडपणे, त्यांना कळेल अशा रीतीने नाकारला असेल, तर मात्र मुदतीचा प्रश्न उभा राहतो. म्हणून वगळले गेल्याचे केव्हा व कसे कळले, ही तारीख अशा दाव्यांत कळीची ठरते.

## नोंदीचे व्यावहारिक स्थान

मालकीचा निर्णायक पुरावा नसला, तरी वारस फेरफार निरुपयोगी नाही. पीककर्ज, पीकविमा, शासकीय अनुदान, भूसंपादनाची नोटीस या बाबी दप्तरातील नावावरून चालतात. नाव नसलेला वारस कायद्याने मालक असूनही व्यवहारात अदृश्य राहतो, आणि नाव असलेला स्वतःच्या हिश्श्यापलीकडचा व्यवहार करून वाद उभा करू शकतो. नोंद ही ताब्याचा किंवा कुटुंबाच्या वर्तनाचा एक पुरावा म्हणून न्यायालयात वाचली जाते. दीर्घकाळ चालत आलेल्या आणि इतर कागदांशी जुळणाऱ्या नोंदीचे वजन अधिक असते.

त्यामुळे सातबारा वाचताना नावाइतकेच त्याजवळच्या फेरफार क्रमांकाला महत्त्व असते. त्या क्रमांकाच्या फेरफाराची नक्कल घेतली की नोंद खरेदीखतावरून झाली, वारसाने झाली, मृत्युपत्राने झाली की जबाबावरून, हे कळते. वारसाची नोंद असल्यास नमुना ६-क मधील यादी मृताच्या प्रत्यक्ष कुटुंबाशी ताडून पाहता येते. मृताला जमीन कोणत्या दस्ताने मिळाली इथपर्यंत हा शोध मागे नेल्याशिवाय सध्या नाव असलेल्या व्यक्तीच्या मालकीबाबत निष्कर्ष काढता येत नाही.